पत्रिकेवरचा वार आणि तारीख जुळत नाही तेव्हा

समजा, वास्तुशांतीच्या पत्रिकेवर छापलंय: ‘गुरुवार, दि. १ मे २०२६, वैशाख शुद्ध पौर्णिमा’. तारीख आणि वार जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षात आलंच, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘वार चुकला असेल, तारीख बरोबरच असणार.’ या समजाला काही आधार नाही. कितीतरी यजमान ‘रविवार सगळ्यांना जमेल’ असं म्हणून आधी वारच ठरवतात आणि तारीख नंतर कॅलेंडरात बघतात. तिथे एक ओळ खाली-वर झाली, की वार खरा आणि तारीख खोटी!

आधी विसंगती कशी पकडायची ते पाहू. जॉन कॉनवे या ब्रिटिश गणितज्ञाने यासाठी एक सुंदर रीत शोधली. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा कोणत्याही वर्षी एकाच वारी येतात, कारण लागोपाठच्या दोन तारखांमध्ये बरोबर ६३ दिवस, म्हणजे ९ आठवडे असतात. ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै, ७ नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा शेवटचा दिवस यांचाही वार तोच. म्हणजे वर्षाला एकच वार लक्षात ठेवायचा. २०२६चा वार शनिवार. ९ मेला शनिवार, म्हणून २ मेलाही शनिवार आणि १ मेला शुक्रवार. पत्रिकेवरचा गुरुवार जमत नाही.

मे २०२६ शुक्रवारी सुरू होतो आणि ३१ दिवसांचा आहे, म्हणून त्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार येतात. ‘८२३ वर्षांतून एकदाच येणारा धनयोग’ म्हणून जो मेसेज फिरतो तो अशाच महिन्यांबद्दल असतो. ऑगस्ट २०२५ असाच होता आणि जानेवारी २०२७ही तसाच आहे. तो मेसेज निखालस खोटा आहे, पुढे पाठवू नका.

आता मला सर्वात आवडणारा भाग. तारीख दिल्यावर वार आपोआप ठरतो, म्हणजे पत्रिकेवर वार छापणं तसं अनावश्यक. पण याच जादा माहितीमुळे चूक उघडी पडते. आधार क्रमांकातला शेवटचा अंक हेच काम करतो: तो आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो आणि टाइप करताना झालेली चूक पकडून देतो. वाराचा पहारा किती कडक आहे ते बघा. टाइप करताना १२चे २१ झाले, तर फरक ९ दिवसांचा. १३चे ३१ झाले, तर १८चा. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९च्या पटीत येतो आणि ३१ दिवसांच्या आत तो ७च्या पटीत कधीच बसत नाही. म्हणून दिवसाच्या अंकांची उलटापालट वार हमखास पकडतो. तो फसतो ते फरक पूर्ण आठवड्यांचा असला की. ११च्या जागी १८ छापलं तर वार तोच राहतो. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारी आणि मार्चचे वारही तंतोतंत सारखे येतात: २०२६मध्ये ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च दोन्ही रविवार. महिना चुकला तरी वार गप्प.

शिवाय वार चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. दोन साक्षीदारांचं पटत नसेल तर खरं कोण बोलतंय हे कळायला तिसरा लागतो. मराठी पत्रिकेत तो असतो: तिथी. १ मे २०२६ला सूर्योदयाची तिथी पौर्णिमा आहे, आदल्या गुरुवारी सूर्योदयाला चतुर्दशी. तिथीचं मत तारखेच्या बाजूने पडतं. चूक कशी झाली असावी याचाही माग लागतो. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो (मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने). १ मे २०२५ला गुरुवार होता. वार मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरून उतरवला गेला असावा.

तरी दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. तिथी मध्यरात्री बदलत नाही. ही पौर्णिमा ३० एप्रिलच्या रात्रीच लागते, त्यामुळे समारंभ रात्रीचा असेल तर गुरुवारही खरा असू शकतो. दुसरं, मजकूर लिहिणाऱ्याने तारीख बघून कॅलेंडरातली तिथी उतरवली असेल, तर ती तारखेचीच नक्कल झाली. तारीख चुकली की तिथीही तिच्याबरोबर चुकते, आणि दोन विरुद्ध एक या मताला काही किंमत उरत नाही. अशा वेळी यजमानांना फोन करावा आणि ‘एक तारखेलाच ना?’ असं न विचारता ‘कार्यक्रम कधी आहे?’ एवढंच विचारावं. नाहीतर घाईत ‘हो हो’ म्हटलं जातं.