पट्टीच्या मागचं ‘एटी’: दमा असलेल्याला बीपीची गोळी देताना

सांगलीत माझं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली काउंटरमागं उभा आहे. बीपीच्या गोळ्या सगळ्यात जास्त जातात आणि सगळ्यात कमी प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारले जातात. गिऱ्हाईक रिकामी पट्टी टाकतं, आपण तसलीच भरलेली देतो, विषय संपला. पण दमेकरी माणसाच्या बाबतीत ही सवय कशी अंगाशी येते ते सांगतो.

मार्केट यार्डात हळदीच्या तोलाईवर काम केलेले एक आप्पा आहेत, वय त्रेसष्ट, दमा जुना. हळदीची धूळ जन्मभर खाल्लेली, त्यामुळे दोन पंप कायमचे, एक रोज सकाळ-संध्याकाळ मारायचा आणि एक निळा, दम लागला की मारायचा. निळा पंप महिन्या-दीड महिन्यात एक जायचा. तर एकदा आप्पा पंधरा दिवसांत दुसरा निळा पंप न्यायला आले आणि म्हणाले, "आवो, पंप मारतोय तरी दम खाली बसंना बघा, औषध खराब तर न्हाई ना निघालं?"

पंपाची तारीख बघितली, व्यवस्थित होती. मग विचारलं, नवीन काय चालू केलंय का, तर म्हणाले काय न्हाई, फक्त बीपीची एक गोळी. कुठंतरी तपासणी शिबिरात बीपी १६८/९६ निघालं, तिथंच गोळी लिहून दिली, शेजारच्या दुकानातनं घेतली, तीन आठवडे झाले. पट्टी खिशातच होती. उलटी केली तर नावाच्या शेपटाला ‘एटी’ आणि खाली बारीक अक्षरात अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ आणि अॅटेनोलॉल ५० मिग्रॅ. मनगट धरलं, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं तर ठोके बावन्न.

आता यात काय झालं ते बघा. अॅड्रेनॅलिन नावाचं रसायन आपल्या रक्तात असतं, ते पेशींवरची बटणं दाबतं, त्यातली काही बीटा जातीची. हृदयावर मुख्यतः बीटा-१, ते दाबलं की ठोके वाढतात. श्वासनळ्यांच्या भोवतालच्या स्नायूंवर बीटा-२, ते दाबलं की स्नायू सैल पडतो आणि नळी उघडते. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल हेच बीटा-२ दाबतं, बाकी काही जादू नाही. आणि अॅटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवणारं औषध. घरात बेल वाजत नाही म्हणून बाहेरचा माणूस बटण दाबून दाबून थकतो तसं आप्पांचं झालेलं. पंप चांगला, मारण्याची पद्धत चांगली, पण बटणच झाकलेलं. म्हणून बीटा ब्लॉकरमुळं दम्याला दुहेरी मार बसतो, नळी आवळायला लागते आणि ती उघडायचं जे औषध ते पण लागू पडत नाही. अशा वेळी नेब्युलायझरमधून इप्राट्रोपियम उपयोगी पडतं, कारण ते या बटणाच्या वाटेला जातच नाही, त्याचा रस्ता वेगळा.

कोणी म्हणेल अॅटेनोलॉल तर ‘हृदयापुरतं’ काम करणारं आहे. बरोबर, काही अंशी. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बटणं झाकतं, कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटॅलॉल पण झाकतात, त्यामुळं ती दमेकऱ्याला नकोतच. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ही बीटा-१ ला जास्त धरतात. पण ‘जास्त’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे, डोस वाढला की ती पण बीटा-२ वर सरकतात, आणि कोणाच्या नळ्या किती हळव्या आहेत हे आधी कळत नाही. नुसत्या बीपीसाठी ही जोखीम घ्यायची गरजच काय, बीपीला दुसरी चांगली औषधं पडलीत की.

आप्पांची गोष्ट इथंच संपत नाही. मी त्यांना म्हटलं घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, पोराला पाठवून आणली, आणि पिशवीत डोळ्यात घालायच्या थेंबाची बाटली निघाली. टिमोलॉल, काचबिंदूसाठी, दोन वेळा एकेक थेंब. डोळ्याच्या डॉक्टरांना दमा सांगितला नव्हता, कारण "डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध?" संबंध असा की थेंब डोळ्यातनं बारीक नळीनं नाकात उतरतो, नाकाच्या आतल्या त्वचेतनं थेट रक्तात शिरतो, पोटातून गेलेली गोळी यकृतातून गाळून निघते तसं त्याचं होत नाही. म्हणून एवढासा थेंब, पण हळव्या दमेकऱ्याला जीवघेणा झटका आणू शकतो आणि ठोकेही कमी करतो. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरला तर कमी जातो, पण म्हणून दमेकऱ्यानं टिमोलॉल घालावं असं नाही. आप्पांचं म्हणणं थेंबांनंतर रात्री थोडी घरघर व्हायचीच, पण ती धुळीची समजून सोडून दिलेली. त्यात अॅटेनोलॉलची भर पडली आणि मग घागर भरून वाहिली.

त्याच दिवशी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ईसीजी काढला, हार्टचा जुना त्रास नाही, ब्लॉक नाही, ठोके नुसते संथ. गोळी तीनच आठवड्यांची आणि दम वाढलेला, म्हणून डॉक्टरांनी अॅटेनोलॉल लगेच बंद केलं. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे वाचून कोणी घरात बसून गोळी बंद करू नका. बटण बरेच महिने झाकून ठेवलं की शरीर तिथं जास्तीची बटणं तयार करतं, मग चिकटपट्टी एकदम काढली की ठोके आणि बीपी उसळतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या असतील तर छातीत दुखण्यापर्यंत, अटॅकपर्यंत जाऊ शकतं. म्हणून जुन्या पेशंटला एकदोन आठवड्यांत हळूहळू कमी करत आणतात. दम लागलाय तर आज डॉक्टरांकडं जा, उद्यावर ढकलू नका, एवढंच.

मग बीपीला काय दिलं? अॅम्लोडिपिन ५ तसंच ठेवलं, फक्त अॅटेनोलॉलशिवायची साधी गोळी. ते रक्तवाहिन्या सैल करतं, नळ्यांना काही करत नाही, ठोकेही कमी करत नाही, घोट्याला सूज आली तर तेवढा त्रास. जोडीला टेल्मिसार्टन ४० दिलं, आणि ते सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी टिमोलॉल काढून लॅटानोप्रॉस्ट दिलं, जे या बटणांशी संबंध ठेवत नाही. महिन्यानं बीपी १३४/८२, ठोके बहात्तर, आणि निळा पंप परत महिनाभर पुरायला लागला.

टेल्मिसार्टनच का, स्वस्तातलं एनालाप्रिल किंवा रामिप्रिल का नाही? ती वाईट नाहीत, श्वासनळ्या आवळत नाहीत, पण बऱ्याच जणांना कोरडा खोकला लावतात, बायकांना जरा जास्तच. ती ज्या एन्झाइमला अडवतात ते ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडत असतं, ते साठलं की घसा खवखवतो, ठसका लागतो. दुसऱ्या कोणाला कळतं की हा गोळीचा खोकला, दमेकऱ्याला कसं कळणार? तो म्हणतो दमा बिघडला, डॉक्टर म्हणतात पंप वाढवू, मी सिरप देतो, आणि खोकला तिथल्या तिथं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत जातो, कधीकधी दोन-तीन महिने लागतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी ते एन्झाइम अडवत नाहीत, म्हणून हा घोळ सहसा होत नाही.

पाणी काढणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड, चालते. फक्त जास्त नेब्युलायझर, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि ही, तिन्ही पोटॅशियम खाली आणतात, त्यामुळं अधूनमधून तपासत राहायचं.

आता सीओपीडी, म्हणजे बिडी-सिगारेट ओढून किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढून कमकुवत झालेली फुप्फुसं. इथं चित्र थोडं वेगळं आहे. अशा माणसाला अटॅक येऊन गेलेला असेल किंवा हृदयाची पंपिंग कमी असेल तर बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल कमी डोसपासून देतातच आणि त्याचा फायदा मोठा असतो, ‘फुप्फुसाचा पेशंट’ म्हणून काढून टाकलं तर नुकसान. पण असं काही कारण नसताना देऊन उपयोग नाही. २०१९ साली अशा लोकांवर मेटोप्रोलॉलची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, ज्यांना हृदयासाठी त्याची गरज नव्हती त्यांच्यात सीओपीडीचे झटके कमी झाले नाहीत, उलट दवाखान्यात भरती करावं लागणारे झटके जास्त दिसले.

तिसरी मंडळी संथ ठोक्यांची. आमच्याकडं तालमीतले जुने पैलवान येतात, साठीतही ठोके पन्नास-बावन्न, आणि ते त्यांचं नेहमीचंच असतं. चक्कर नाही, अंधारी नाही, ईसीजी चांगला, तर घाबरायचं कारण नाही, पण बीपीची गोळी निवडताना डॉक्टरांना आकडा माहीत पाहिजे. कारण ठोके अजून खाली नेणारे फक्त बीटा ब्लॉकर नाहीत. अॅम्लोडिपिनच्याच घराण्यातले दोन भाऊ, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, हृदयातल्या वायरिंगचाच वेग कमी करतात. क्लोनिडिन पण करतं. दमेकऱ्याला डिल्टियाझेम चालतं, संथ ठोक्याच्याला नाही, म्हणजे यादी एकच असली तरी माणूस बदलला की उत्तर बदलतं. आणि व्हेरापामिलवर बीटा ब्लॉकर चढवला तर ठोके तिशीत जाऊन माणूस जमिनीवर पडू शकतो, हृदयाला पूर्ण ब्लॉकच होतो. वरनं टिमोलॉलचे थेंब चालू असतील आणि कोणी सांगितलंच नसेल तर विचारूच नका.

माझ्या काउंटरवरची युक्ती सांगतो, फार शास्त्रीय नाही पण कामाची आहे. कंपनीचं नाव सोडा, बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. शेवटी ‘लॉल’ असेल तर बहुतेक बीटा ब्लॉकर. आणि ते फक्त बीपीच्या पट्टीवर शोधू नका, डोळ्याच्या बाटलीवर शोधा, मायग्रेनच्या आणि हात थरथरण्याच्या गोळीवर शोधा, प्रोप्रॅनोलॉल तिथं सर्रास असतं. प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं, औषध भारीच आहे, पण दमेकऱ्याच्या पोटात जाण्यासाठी ते बनलेलं नाही.

परवा आप्पा सुनेची चिठ्ठी घेऊन आले होते, अर्धशिशीची. सुनेला पावसाळ्यात पंप लागतो. पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, दिव्याखाली तिरकी धरली आणि मला म्हणाले, "ह्यात बी लॉल हाय की ओ." मी चिठ्ठी परत दिली आणि वर डॉक्टरांना फोन लावला.