तक्रार अर्जातली ‘शेवटची घटना’: तीन महिन्यांच्या मुदतीची पार्श्वभूमी

सहकाऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार लेखी द्यायची, तारखा घालायच्या, साक्षीदारांची नावे द्यायची, हे आता बहुतेक कार्यालयांत माहीत आहे. मात्र तारखांना इतके महत्त्व आले कसे, हे फारसे कोणी सांगत नाही.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तक्रारीचा निकाल ठराविक वेळेत लावा, असे त्यांत होते. तक्रार किती दिवसांत करावी याची अट नव्हती. पुढे पुण्यातल्या एका स्त्री-अभ्यास गटाच्या समन्वयक आणि इतरांनी छळाच्या निरनिराळ्या प्रकरणांची माहिती देणारे पत्र न्यायालयाला लिहिले आणि तेच याचिका म्हणून दाखल झाले. कार्यालयातल्या तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा, असा आदेश 2004 मध्ये त्यातूनच निघाला. तक्रारीचा कागद आता थेट नोकरीवर परिणाम करू लागला.

मुदत आली ती 2013च्या कायद्याने. घटनेपासून तीन महिने. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. वेळेत तक्रार करणे खरोखर शक्य नव्हते असे समितीला पटले, तर कारणे लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने. त्यापुढे दार बंद. दिल्लीतल्या डिसेंबर 2012च्या सामूहिक बलात्कारानंतर सरकारने नेमलेल्या समितीने जानेवारी 2013 मध्ये ही मुदत काढून टाका असे स्पष्ट सुचवले होते. पुढच्याच महिन्यात राज्यसभेने विधेयक मंजूर केले, ते मुदतीसह. माझ्या मते ही चूक होती. रोज ज्याच्या शेजारी बसायचे त्याच्याविरुद्ध लिहायला बाईला तीन महिने पुरत नाहीत, हे तेव्हाही ठाऊक होते.

त्यामुळे सगळा भार ‘शेवटची घटना’ या दोन शब्दांवर आला. समजा, एका लेखा विभागातल्या कर्मचारी महिलेने 5 सप्टेंबरला अर्ज दिला. पहिली घटना 12 फेब्रुवारीची, शेवटची 20 जूनची. शेवटच्या घटनेपासून मोजले तर मुदत 20 सप्टेंबरपर्यंत आहे, आणि फेब्रुवारीची घटनाही मालिकेचा भाग म्हणून आत येते. पण जूनबद्दल तिने नुसते ‘त्यानंतरही त्रास सुरूच राहिला’ एवढेच लिहिले, तर तारीख असलेली एकच घटना उरते, फेब्रुवारीची. मग तीन महिने 12 मे रोजी संपतात, वाढीव मुदत धरली तरी 12 ऑगस्टला. अर्ज मुदतबाह्य! त्याऐवजी असे लिहिले तर? ‘20 जून रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी माझा हात धरला. शिपाई दाराशी होते; त्यांनी पाहिले का, हे मला माहीत नाही. बाहेर येताच मी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना सांगितले.’ यात दोन साक्षीदार आहेत, पण दोन वेगळ्या प्रकारचे, आणि कोणाला काय ठाऊक असावे तेवढेच तिने लिहिले आहे. उलट प्रश्नांत असाच अर्ज टिकतो.

‘शेवटची घटना’ कोणती, याचा सर्वांत गाजलेला वाद कोलकात्यातल्या एका कायदा विद्यापीठातला. प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध 26 डिसेंबर 2023 रोजी तक्रार दिली. लैंगिक स्वरूपाचा शेवटचा प्रसंग एप्रिल 2023चा होता. ऑगस्टमध्ये त्यांना विद्यापीठातल्याच एका अभ्यास केंद्राच्या संचालकपदावरून काढले गेले, आणि तेही त्याच छळाचे पुढचे पाऊल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीने तक्रार मुदतबाह्य ठरवली. उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ती पुन्हा ऐकायला लावली, खंडपीठाने तो आदेश फिरवला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची बाजू उचलून धरली: ऑगस्टची कारवाई प्रशासकीय होती, तिचा एप्रिलच्या प्रसंगाशी थेट संबंध दिसत नाही. तक्रार गेली, तरीही हा निकाल कुलगुरूंच्या कार्यपरिचयाचा भाग असावा, असे न्यायालयाने सांगितले. आरोपांची चौकशी मात्र झालीच नाही.

नोकरीवरची कारवाईही छळाचा भाग असू शकते, या म्हणण्याला कायद्यात एक आधार आहे. नोकरीबाबत दिलेली धमकी लैंगिक वर्तनाशी जोडलेली असेल, तर ती स्वतःच छळात मोडू शकते. म्हणून बदली, काढून घेतलेले काम किंवा खराब गोपनीय अहवाल यांचा उल्लेख करताना नुसती आदेशाची तारीख पुरत नाही. ‘नकार दिलास, आता बघतो’ यासारखे वाक्य कोणत्या दिवशी, कोणासमोर उच्चारले गेले, हे त्याच परिच्छेदात यावे लागते.

साक्षीदारांचीही एक अडचण नियमांतूनच येते. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. त्यातली एक प्रत सात कामकाजी दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाती जाते. नावे बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे, पण त्याच्यापासून ती लपत नाहीत. नाव घालण्याआधी त्या शिपायाला आणि त्या बाईंना हे सांगणे तक्रारदारावरच येऊन पडते.