घडणी व पृष्ठफळ : नववीतील कागदी पद्धत (गोवा)

इष्टिकाचिती आणि वृत्तचिती यांचे पृष्ठफळ कागद कापून, दुमडून आणि गुंडाळून शिकवण्याची वर्गातली पद्धत. घनाकृतीची सगळी पृष्ठे एकमेकांपासून न तुटता सपाट उलगडली की जो आकार मिळतो त्याला त्या आकृतीची घडण म्हणतात. घडणीचे क्षेत्रफळ तेच आकृतीचे पृष्ठफळ, एवढ्या एका गोष्टीवर ही पद्धत उभी आहे.

गोव्यात या पाठाला भाषेची एक अडचण असते. मराठी प्राथमिक शाळेतून आलेली बरीच मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. नववीत क्युबॉइड, सिलिंडर, नेट, सरफेस एरिया हे शब्द त्यांच्या कानावर पडतात, पण डोळ्यांसमोर येते ती मासेमारीची जाळी आणि स्वयंपाकघरातला गॅस. इष्टिकाचिती हा मराठी शब्द विटेवरून आला आहे, पण डिचोली-फोंड्याकडच्या मुलाने घराच्या भिंतीत विटेपेक्षा चिरा जास्त पाहिलेला असतो. चिऱ्याला सहा बाजू असतात आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात, हे त्याला सांगावे लागत नाही. चिऱ्यापासून सुरुवात केली की शब्द कुठल्याही भाषेतला असला तरी चालतो.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातून 2022-23 च्या अभ्यासक्रम-कपातीत इष्टिकाचिती व वृत्तचितीचे भाग गेले आणि शंकू व गोल राहिले. ते पुस्तक शिकवताना शंकूकडे वळण्याआधी एक-दोन तास या उजळणीसाठी काढावे लागतात. वेळ इतका थोडा असेल तर प्रत्येक आकाराची वेगळी घडण करत बसण्यापेक्षा एकाच पट्टीपासून दोन्ही आकार करणे अधिक उपयोगी ठरते. पुढचा प्रयोग तोच आहे आणि त्याला प्रत्येक मुलामागे एकच ए-फोर कागद लागतो.

कागदाच्या लांब बाजूने 23 सेमी लांब आणि 10 सेमी रुंद पट्टी कापायची. तिच्या एका टोकाचा 1 सेमी भाग पेन्सिलने रेघा मारून भरायचा. तो चिकटवण्यासाठी आहे, मापात धरायचा नाही. उरलेल्या कागदातून कंपासमध्ये 3.5 सेमी अंतर घेऊन दोन वर्तुळे आणि शेजारी 6 सेमी × 5 सेमी मापाचे दोन आयत कापायचे. कागद नीट मांडला तर हे सगळे एकाच पानात बसते.

आधी पट्टी गुंडाळायची. रेघांचा भाग आत सरकवून वर-खाली कागदाची क्लिप लावली की 10 सेमी उंचीची नळी उभी राहते. तिच्या तोंडावर वर्तुळ ठेवले तर ते काठाला काठ लावून बसते, कारण 7 सेमी व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ 22 सेमी असतो. मुलांना नळीभोवती दोरा गुंडाळून तो मोजपट्टीवर मोजायला लावावे. 2πr हे अक्षर इथे पहिल्यांदा कागदाची लांबी होते. मग क्लिप काढून पट्टी पुन्हा सपाट करायची. वक्रपृष्ठ नाहीसे झालेले नसते, ते 22 सेमी × 10 सेमी आयत होऊन बाकावर पडलेले असते आणि त्याचे क्षेत्रफळ 220 चौसेमी भरते.

आता तीच पट्टी 6, 5, 6, 5 सेमी अंतरांवर दुमडायची. तळ आणि झाकण नसलेली पेटी तयार होते. दुमडण्याआधी उभ्या पृष्ठांचे क्षेत्रफळ विचारावे. काही मुले 60, 50, 60, 50 अशी बेरीज करू लागतात, तर एखादी मुलगी म्हणते, ‘सर, कागद तोच आहे ना?’ ते ऐकले की वर्ग थांबतो. तळाची परिमिती 22, उंची 10, म्हणून उभे पृष्ठफळ पुन्हा 220. इष्टिकाचितीचे 2(l + b)h आणि वृत्तचितीचे 2πrh ही दोन सूत्रे पाठ करायला दोन असली तरी सांगतात एकच गोष्ट : तळाची परिमिती गुणिले उंची. या पाठात एवढे एकच हाती लागले तरी पुरेसे आहे.

फरक पडतो तो तळ आणि झाकणात. पेटीला 30 चौसेमीचे दोन आयत लागतात, म्हणून एकूण पृष्ठफळ 280. नळीला 38.5 चौसेमीची दोन वर्तुळे लागतात, म्हणून एकूण 297. परिमिती तीच असूनही वर्तुळ जास्त जागा घेरते. मुले आयत वर्तुळावर ठेवून हे स्वतः पाहतात, आणि कोपरे बाहेर डोकावतात तेव्हा हिशेब पुन्हा करून बघतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुमडले तर घड्या पडतात आणि नंतर नळी गोल होत नाही. पावसाळ्याच्या तासांना कागद दमट होऊन लुळा पडतो आणि डिंक लवकर सुकत नाही, म्हणून क्लिप किंवा स्टेपलरच बरा. जाड पुठ्ठाही टाळावा. 1 मिमी जाडीचा पुठ्ठा 7 सेमीच्या वर्तुळाभोवती गुंडाळला तर पट्टी सुमारे 3 मिमी अपुरी पडते आणि मुलाला वाटते की आपलेच माप चुकले.

चुका कागदावर चटकन दिसतात, आणि हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे. कंपासमध्ये 7 सेमी घेतलेल्याचे झाकण नळीवर ताटासारखे बसते, म्हणजे त्याने त्रिज्येच्या जागी व्यास घेतला. उत्तर 230 आले तर चिकटवण्याचा भागही मोजला गेला. नळी बारीक आणि उंच झाली तर पट्टी आडवी गुंडाळली गेली. ही तिसरी चूक पुसून टाकू नये. त्या नळीची त्रिज्या जेमतेम 1.6 सेमी भरते, तरी वक्रपृष्ठफळ 220 च राहते, कारण रेघांचा भाग सोडला तर परीघ 10 आणि उंची 22 झाली आहे. झाकणे मात्र लहान होतात, म्हणून एकूण पृष्ठफळ घटते.

एक चूक कागदावर दिसत नाही. परीक्षेत झाकण नसलेला डबा किंवा दोन्ही बाजूंनी उघडी नळी विचारली, तरी मुले सवयीने 2πr(r + h) लिहितात. म्हणून हे सूत्र आयते देऊ नये. पट्टीचे 2πrh, दोन वर्तुळांचे 2πr², आणि मग त्यांची बेरीज, असे वहीत वेगवेगळे लिहून घ्यावे. प्रश्नात जो तुकडा नाही तो बाकावरून उचलून बाजूला ठेवायचा आणि वहीतलीही त्याची ओळ खोडायची.

कागदाची मर्यादा घरच्या गॅस सिलिंडरवर दिसते. त्याच्या मधल्या सरळ भागाभोवती वर्तमानपत्र बिनसुरकुतीचे गुंडाळता येते. वरच्या आणि खालच्या फुगीर भागावर मात्र कितीही ओढले तरी चुण्या पडतात, कारण असा दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग सपाट उलगडतच नाही. शंकू उलगडतो आणि त्याची वर्तुळपाकळी होते. गोलाला घडण नाही, म्हणून त्याचे पृष्ठफळ कात्रीने दाखवता येत नाही.