स्विचबोर्डमधले पाच व्होल्ट: आयसोलेटेड मॉड्यूल की आत कोंबलेला अडॅप्टर?

घरातील दिवे-पंखे मोबाईलवरून चालवण्यासाठी स्विचबोर्डच्या आत ईएसपी८२६६सारखा वाय-फाय बोर्ड आणि चार रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच, बसवायचे ठरले की पहिला प्रश्न पाच व्होल्टचा येतो. बोर्डात २३० व्होल्ट हजर असतात, पाच व्होल्ट मात्र कुठेच नसतात. यावर दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारे, काड्यापेटीहून लहान, काळ्या ठोकळ्यासारखे एसी-टू-डीसी मॉड्यूल. दुसरा म्हणजे घरात पडून असलेला मोबाईलचा चार्जर, त्याच्या पिनांना वायर जोडून बोर्डात सरकवलेला. दोन्हींतून पाच व्होल्टच मिळतात, दोन्ही आयसोलेटेड असतात, आणि म्हणूनच हा फरक केवळ आकाराचा आहे असा समज होतो.

आतील मंडल खरोखरच बहुतेक वेळा एकाच जातीचे असते. येणारा एसी पुरवठा डायोडच्या पुलातून जाऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो, एक स्विचिंग आयसी तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो, आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यातून कमी व्होल्टेज बाहेर पडते. मेन्सची, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्याची, बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यात तांब्याचा थेट सांधा नसतो. आयसोलेशन म्हणजे हेच. मग निवड कशावरून करायची? माझ्या मते एकाच गोष्टीवरून: हे आयसोलेशन टिकवण्याची जबाबदारी कोणावर टाकलेली आहे.

अडॅप्टरमध्ये ती मोठ्या प्रमाणात प्लास्टिकच्या कवचावर असते. कारखान्यात तयार झालेला, भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेला अडॅप्टर सॉकेटमध्ये बाहेरून लावला तर तो उत्तम साधन आहे, आणि बोर्डशेजारी मोकळे सॉकेट असेल तर मी आजही तोच सुचवेन. पण तो बोर्डाच्या आत जाताना बहुधा कवच काढले जाते, कारण जेमतेम दोन इंच खोलीच्या बॉक्समध्ये ते सहसा मावत नाही. मग पिनांवर वायर डकवून इन्सुलेशन टेप गुंडाळली जाते, आणि उरतो तो नागडा बोर्ड, ज्याच्या एका टोकाला ३२५ व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीचे धातूचे तोंड. कवच काढलेच नाही, तरी तो बॉक्समध्ये सुटाच राहतो. पुढच्या वेळी पंख्याचा रेग्युलेटर बदलताना कोणी वायरींचा जुडगा मागे रेटला की अडॅप्टरही सरकतो, आणि टेप टर्मिनलच्या स्क्रूवर घासते. बंद डब्यातील उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन ती वर्षा-दोन वर्षांत उलगडू लागते, हे कोणताही जुना इलेक्ट्रिशियन सांगेल. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवा, त्यावर बसलेली धूळ आणि बोर्डात उबेला येणाऱ्या पाली यांचा हिशेब अडॅप्टर बनवणाऱ्याने केलेला नसतो, कारण तो तिथे बसेल असे त्याने गृहीतच धरलेले नसते.

मॉड्यूल मात्र दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसण्यासाठीच बनवलेले असते. आतील भाग रेझिनने भरून बंद केलेले असतात, त्यामुळे धूळ-ओल आत शिरत नाही. मेन्सच्या पिना एका टोकाला आणि पाच व्होल्टच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात. दोन बाजूंमध्ये साधारण ३००० व्होल्ट एसीची एक मिनिटाची चाचणी सोसण्याची क्षमता अशा मॉड्यूलच्या माहितीपत्रकात नोंदवलेली असते. ते पीसीबीवर सोल्डर होते, पीसीबी स्क्रूने पक्की होते, आणि त्यामुळे काहीही सुटे उरत नाही.

एका बाबतीत मात्र मॉड्यूल अडॅप्टरपेक्षा उणे पडू शकते, आणि विकणारा ते सहसा सांगत नाही. अडॅप्टरच्या आत फ्यूज किंवा जळून तुटणारा रेझिस्टर बहुधा असतो. लहान मॉड्यूलमध्ये तो बाहेरून लावायचा असतो. घराचा सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी इथे कामी येत नाही. मॉड्यूलमधील एखादा भाग बिघडून ते दोन अँपिअर ओढू लागले, तर एमसीबीच्या दृष्टीने तो एक साधा भार असतो, पण त्या मुठीएवढ्या जागेत ४६० वॉटची शेगडी पेटलेली असते. म्हणून फेजच्या वायरीवर अर्धा ते एक अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, आणि त्याच्यानंतर फेज-न्यूट्रलमध्ये एक एमओव्ही, म्हणजे व्होल्टेजचा झटका शोषणारी चकती, या दोन गोष्टी मी मॉड्यूलचाच भाग मानतो. एमओव्हीवर ४७१ असा आकडा असेल तर ती ३०० व्होल्ट एसीसाठीची असते. आपल्याकडे व्होल्टेज अधूनमधून २५० च्या पुढे जाते, त्यामुळे याहून खालची घेऊ नये.

लालबागमधील माझ्या आत्याच्या घरातील बोर्डाचे उदाहरण घेतो. तिथे चार रिलेंचा बोर्ड एका ओळखीच्या कारागिराने चार्जरवर चालवून दिला होता. तक्रार अशी होती की तीन दिवे लागलेले असताना चौथा लावला की कधीकधी सगळे बंद होऊन पुन्हा सुरू होत. एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून सगळे बाहेर काढले आणि टेबलावर जोडून मोजले. चार्जरच्या तोंडाशी ५.१ व्होल्ट होते. चारही रिले ओढलेले असताना रिलेबोर्डाशी ४.६. मधला अर्धा व्होल्ट एक मीटर लांबीची, वेटोळे करून कोंबलेली बारीक यूएसबी केबल आणि तिचे ढिले तोंड खात होते. वाय-फाय बोर्डावरील रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी वर किमान एक व्होल्ट हाताशी लागतो. प्रक्षेपणाच्या क्षणी प्रवाह उसळला की तेवढाही उरत नसे, आणि बोर्ड रीसेट होत असे. चार्जर १० वॉटचा होता, म्हणजे शक्ती कमी पडत नव्हती. ती पोहोचत नव्हती.

मॉड्यूल निवडताना तोच हिशेब पुन्हा मांडला. पाच व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे प्रत्येकी ७० मिलिअँपिअरहून थोडे अधिक. दर्शक एलईडी धरून ८०. चारांचे ३२०. ईएसपी८२६६ सरासरीने ८० घेतो, पण क्षणभर ३५० पर्यंत जाऊ शकतो. सरासरी ४०० मिलिअँपिअर, कमाल ६७०. सर्वांत जास्त खपणारे तीन वॉटचे मॉड्यूल ६०० मिलिअँपिअर देते. सरासरीला ते पुरते, उसळीला नाही. म्हणून पाच वॉटचे, एक अँपिअरचे घेतले आणि वाय-फाय बोर्डाच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. सरासरी भार दोन वॉटचा असल्याने, ७० टक्के कार्यक्षमता धरली तरी उष्णतेत जाणारे एक वॉटही होत नाही. बंद बॉक्समध्ये तेवढे सोसते. दुप्पट भार असता तर मी ते बाहेर वेगळ्या डब्यात नेले असते.

पुढची काळजी मांडणीची आहे, कारण उत्तम मॉड्यूलचे आयसोलेशनही आपल्याच हातून मोडू शकते. भोकांच्या पीसीबीवर मॉड्यूलखालून मेन्सची आणि पाच व्होल्टची अशा दोन बाजू पडतात. त्यांच्यामधील तांब्याच्या तीन ओळी पूर्ण खरवडून काढल्या, की आठ मिलिमीटरच्या आसपास कोरडी जागा मिळते. साडेसहाच्या खाली जाऊ नये. त्या पट्टीवरून एकही वायर ओलांडता कामा नये, टाक्याचा थेंबही नाही. त्याहून फसवी जागा भिंतीवरील जुन्या बटनांची आहे. रिले हाताने चालवता यावेत म्हणून त्या बटनांच्या वायरी कमी व्होल्टेजच्या बाजूला आणल्या जातात, आणि शेजारच्या सॉकेटचा फेज त्याच बटनांच्या पट्टीवरून फिरवलेला असतो. तो लूप एका बटनावर चुकून राहिला, तर पाच व्होल्टची सगळी बाजू थेट फेजला जोडली जाते. मग ३००० व्होल्टच्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. आत्याकडे त्या बटनांवरील लूप आधी तोडून, फेज फक्त रिलेंच्या आणि सॉकेटच्या टर्मिनलवर नेला.

टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरींच्या टोकांना सोल्डर लावू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू ढिला होतो आणि तो सांधा तापू लागतो. टोकावर लग दाबणे बरे. आणि ज्या बोर्डात केवळ दिव्यांची बटने आहेत, सॉकेट नाही, तिथे न्यूट्रल बहुधा पोहोचलेलाच नसतो. अशा वेळी अर्थच्या वायरीला न्यूट्रल म्हणून वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. गळती दिसताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी असेल, तर ती चुकीचा प्रवाह पाहून पडू शकते. नसेल तर अर्थ कुठे तुटली की घरातील उपकरणांच्या धातूच्या अंगावर फेज येतो. जवळच्या सॉकेटच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून घेणे, आणि तेही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, एवढाच मार्ग आहे.

खरेदीच्या वेळी आणखी एक गोंधळ होतो. काळ्या मॉड्यूलशेजारी तसेच पाच व्होल्ट देणारे काही स्वस्त, उघडे बोर्ड ठेवलेले असतात. त्यांवर ट्रान्सफॉर्मरऐवजी दोनच पायांची कॉइल, किंवा एक मोठा चौकोनी कपॅसिटर दिसला, तर ते आयसोलेटेड नाहीत आणि त्यांच्या पाच व्होल्टच्या वायरीला हात लावणे म्हणजे फेजलाच लावणे होय. अशा बोर्डावर चालणाऱ्या ईएसपीला लॅपटॉपची केबल जोडली, तर लॅपटॉपही जातो.

आयसोलेशन शाबूत आहे की नाही, हे मल्टिमीटरच्या ओहम-रेंजने कळत नाही. तो मोजतो दोन-चार व्होल्टवर. उलट दिशेनेही तो घाबरवतो: अर्थ आणि पाच व्होल्टची ऋण वायर यांच्यात एसी मोजला, तर चांगल्या मॉड्यूलवरही शंभर व्होल्टच्या आसपास आकडा दिसू शकतो. तो आतील वाय-वर्गाच्या छोट्या कपॅसिटरमधून झिरपणारा अत्यल्प प्रवाह असतो. खरी तपासणी मेगरची, म्हणजे शेकडो व्होल्ट देऊन रोध मोजणाऱ्या मीटरची. मॉड्यूल पूर्ण सुटे करून मेन्सच्या दोन्ही पिना एकत्र, पाच व्होल्टच्या दोन्ही एकत्र जोडायच्या आणि मध्ये ५०० व्होल्ट डीसी द्यायचे. चांगल्या मॉड्यूलचे वाचन १०० मेगओहमच्या वर राहायला हवे. आत्याच्या घरचा तो उघडा चार्जर पुसून, वाळवून याच पद्धतीने मोजला, तर काटा पाच मेगओहमवर येऊन थांबला.