१२ पानांवरचे ९२ टक्के: क्रॉस-व्हॅलिडेशन कुठून आलं

समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या १२ केळीबागांमधून प्रत्येकी ५, अशी ६० पानांची छायाचित्रं जमवली आणि पानावर करपा आहे की नाही, हे ओळखणारं मॉडेल बनवायला घेतलं. नेहमीच्या रीतीने ४८ पानं शिकवायला ठेवली आणि १२ तपासणीला. १२ पैकी ११ बरोबर आली, म्हणजे ९२ टक्के.

आता या मॉडेलची खरी अचूकता ७५ टक्केच आहे असं धरू. प्रत्येक पान स्वतंत्र मानलं, तरी १२ पानांत ११ किंवा १२ बरोबर येण्याची शक्यता जवळपास १६ टक्के निघते. ७ किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यताही तेवढीच. मॉडेल तेच, पण चिठ्ठी कशी निघाली त्यावर एकाला ९२ टक्के दिसतात आणि दुसऱ्याला ५८. त्यात कोणी ही चिठ्ठी ठरवणारा `random_state` हा आकडा बदलत बसला आणि सर्वांत चांगला आकडा अहवालात घातला, तर तो आकडा मॉडेलबद्दल काहीच सांगत नाही.

ही अडचण संगणकाच्या आधीची आहे. १९३१ मध्ये सेल्मर लार्सन यांनी एका गटावर बसवलेलं रिग्रेशनचं समीकरण दुसऱ्या गटावर लावलं, तेव्हा सहसंबंध घसरला. ज्या माहितीवर समीकरण बसवलं त्याच माहितीवर ते तपासलं तर ते असतं त्याहून चांगलं दिसतं, हे त्यातून स्पष्ट झालं. मग माहितीचे दोन भाग करण्याची रीत रुजली. पण नमुना लहान असला की अर्धा भाग बाजूला ठेवणं परवडत नाही. १९५१ मध्ये मोझियर यांनी दुहेरी तपासणी मांडली: पहिल्या अर्ध्यावरचं समीकरण दुसऱ्यावर तपासायचं आणि दुसऱ्यावरचं पहिल्यावर. आज ज्याला क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे माहितीचे भाग, अर्थात फोल्ड, करून प्रत्येक भाग आळीपाळीने तपासणीला ठेवणं, त्याचं बीज इथेच आहे. १९६८ मध्ये लाखेनब्रुख आणि मिकी यांनी ते टोकाला नेलं. प्रत्येक वेळी एकच नमुना बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवर वर्गीकरणाचा नियम बसवायचा आणि असं सगळ्या नमुन्यांसाठी करायचं.

१९७४ मधला मर्विन स्टोन यांचा लेख मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॉडेल निवडणं आणि निवडलेल्या मॉडेलचं मोजमाप करणं, ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांनी शीर्षकातच वेगळं काढलं. त्याच फोल्डवर दहा पर्याय चालवून सर्वांत वरचा आकडा ‘अचूकता’ म्हणून सांगितला, तर नशीब मागच्या दाराने परत येतं. पुढच्याच वर्षी सेमूर गायसर यांनी एकाऐवजी अनेक नमुने बाजूला ठेवण्याची मांडणी केली. १९९५ मध्ये रॉन कोहावी यांनी पर्यायांची तुलना करून, मॉडेल निवडताना दहा फोल्ड आणि प्रत्येक फोल्डमध्ये वर्गांचं प्रमाण सारखं, अशी शिफारस केली.

तरीही चूक एका जागी होतच राहिली. २००२ मध्ये अॅम्ब्रॉइझ आणि मॅकलाक्लन यांनी ६२ आणि ७२ ऊतींच्या नमुन्यांचे जनुक-संच तपासले. आधी सगळ्या नमुन्यांवर उपयोगी जनुकं निवडून मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, तर चूक खोटी कमी दिसत होती. निवड प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त ट्रेनिंगच्या भागावर केली की ती वाढत होती. स्केलिंग, लक्षणांची निवड, रिकाम्या जागा भरणं, जे जे काही माहितीवरून शिकलं जातं ते सगळं फोल्डच्या आतच व्हायला हवं.

आपल्या पानांमध्ये आणखी एक गोम आहे. एका बागेतल्या पाच पानांचं वाण, माती, पाणी आणि बहुधा फोटोचा उजेडही सारखाच असतो. पानं सरमिसळ करून वाटली, तर एकाच बागेची पानं दोन्हीकडे जातात आणि मॉडेल करप्याऐवजी बाग ओळखून बरोबर उत्तर देऊ शकतं. म्हणून वाटणी बागेनुसार करायची. १२ बागांचे ६ फोल्ड केले, तर दर फेरीत २ बागांची १० पानं तपासली जातात:

```python
model = make_pipeline(StandardScaler(), LogisticRegression())
cv = GroupKFold(n_splits=6)
scores = cross_val_score(model, X, y, groups=baag, cv=cv)
```

`X` मध्ये प्रत्येक पानाची मोजमापं, `y` मध्ये करपा आहे की नाही, आणि `baag` मध्ये बागेचा क्रमांक. सरमिसळ वाटणीचा आकडा याहून बराच वर असेल, तर बाग ओळखली जात असल्याची दाट शंका घ्यावी. एखाद्या फोल्डमधल्या दोन्ही बागा पूर्ण निरोगी निघाल्या, तर त्या फेरीतून करपा पकडण्याबद्दल काहीच कळत नाही. तेव्हा `StratifiedGroupKFold` वापरून पाहावं.

सहाही आकडे वेगवेगळे छापावेत, नुसती सरासरी नको. त्यांच्या फरकावरून काटेकोर चूक-मर्यादा मात्र काढता येत नाही, कारण फेऱ्यांचे ट्रेनिंगचे भाग एकमेकांत मिसळलेले असतात; या फरकाचा सर्व परिस्थितींत चालेल असा निःपक्ष अंदाज नाहीच, हे बेंजियो आणि ग्रांदवाले यांनी २००४ मध्ये सिद्ध केलं. वाटणी बदलून हेच अनेकदा चालवलं तर चिठ्ठीचं नशीब कमी होतं, पण बागा १२ च राहतात. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या बागेत हे मॉडेल कसं चालेल, हे कळायला तिथली पानंच आणावी लागतात.