थायरॉइड पेरॉक्सिडेजचे रोधन : मिथिमॅझोल व प्रोपिलथायोयुरॅसिल

अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीत संप्रेरक तयार होताना आयोडीन टायरोसीनला जोडण्याचे काम करणारे एन्झाइम म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज. ते रोखून अतिअवटुता, म्हणजे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनणे, आटोक्यात आणणाऱ्या गंधकयुक्त औषधांना थायोनामाइड गट म्हणतात. मिथिमॅझोल, त्याचे पूर्वरूप कार्बिमॅझोल आणि प्रोपिलथायोयुरॅसिल (पुढे पीटीयू) ही या गटातील प्रचलित औषधे. नाशिकसह महाराष्ट्रात चिठ्ठीवर बहुधा कार्बिमॅझोल असते. शरीरात त्याचे मिथिमॅझोल होते आणि रेणुभाराच्या हिशोबाने १० मिग्रॅ कार्बिमॅझोलपासून सुमारे ६ मिग्रॅ मिथिमॅझोल मिळते.

उगम : १९४०च्या दशकाच्या आरंभी प्राण्यांवर वेगवेगळी रसायने तपासताना काही गंधकयुक्त संयुगांनी ग्रंथी फुगते, पण संप्रेरक घटते असे आढळले. शोधाचा पहिला मान कोणाला द्यावा यावर एकमत नाही. सल्फाग्वानिडीन दिलेल्या उंदरांवरील निरीक्षण आणि फिनिलथायोयुरियाचे प्रयोग साधारण एकाच काळातील आहेत. रुग्णांवरील उपयोगाचे श्रेय मात्र एडविन अ‍ॅस्टवुड यांना दिले जाते. थायोयुरिया व थायोयुरॅसिल यांविषयीचा त्यांचा लेख १९४३चा. पीटीयू त्याच दशकात वापरात आले, मिथिमॅझोल दशकाच्या अखेरीस व कार्बिमॅझोल १९५१च्या सुमारास.

रोधनाची यंत्रणा : पेरॉक्सिडेजच्या गाभ्यात लोहयुक्त हीम असते. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे हीमचे ऑक्सिडीकरण होते आणि ते आयोडाइडमधील इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्याला क्रियाशील आयोडीन बनवते. हे आयोडीन थायरोग्लोब्युलिनमधील टायरोसीनला चिकटते. पुढे दोन आयोडीनयुक्त टायरोसीन जोडले गेले की टी-४ किंवा टी-३ हे संप्रेरक बनते. ही जोडणीही तेच एन्झाइम करते. थायोनामाइडातील गंधक क्रियाशील आयोडीन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे टायरोसीनच्या वाट्याला ते येत नाही. या व्यवहारात औषधाचेही ऑक्सिडीकरण होऊन ते खर्ची पडते.

एन्झाइम तात्पुरते थांबते की कायमचे निकामी होते, हा वादाचा मुद्दा आहे. डॅलस येथील अ‍ॅल्विन टॉरॉग व सहकाऱ्यांनी १९७०-८०च्या दशकांत परीक्षानळीत केलेल्या प्रयोगांतून दोन वर्तने दिसली. आयोडाइडच्या मानाने औषध कमी असेल, तर ते खर्ची पडताच आयोडीन जोडणी पुन्हा सुरू होते. औषध पुष्कळ असेल, तर ते ऑक्सिडीकृत हीमशीच अभिक्रिया करते आणि मग एन्झाइम परत कामाला लागत नाही. निर्णायक गोष्ट औषधाची नुसती मात्रा नसून औषध व आयोडाइड यांचे गुणोत्तर आहे. जिवंत ग्रंथीतही असे कायमचे निष्क्रियण होते असे काहींचे मत होते. उंदरांवर नंतर झालेल्या फेरतपासणीत, विशेषतः पीटीयूच्या बाबतीत, त्याला आधार मिळाला नाही. प्रस्तुत नोंदीत उलटवता येणाऱ्या रोधनाचे मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण औषध बंद केल्यावर ग्रंथी ज्या गतीने पूर्ववत होते तिच्याशी ते जुळते. भरपूर आयोडीन साठलेली ग्रंथी औषधाला दाद का देत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या अ‍ॅमिओडॅरोनच्या २०० मिग्रॅच्या एका गोळीत सुमारे ७५ मिग्रॅ आयोडीन असते. अशा रुग्णात औषध अपुरे ठरण्यामागे बहुधा हे गुणोत्तर असते. डॉक्टरांनी औषध निरुपयोगी म्हणण्यापूर्वी आयोडीनचा मागोवा घ्यावा.

परिणामकाळ : मिथिमॅझोलचे रक्तातील अर्धायु ४ ते ६ तास, पीटीयूचे १ ते २ तास. ५ तास धरल्यास एका दिवसाने मिथिमॅझोलचे सुमारे ३ ते ४ टक्के रक्तात उरते. दीड तास धरल्यास पीटीयूचे एका दिवसात सोळा वेळा अर्धे होते आणि मूळ प्रमाणाचा पासष्ट हजारावा भाग उरतो. पीटीयू ८ तासांनी का द्यावे लागते हे यावरून समजते. पण मिथिमॅझोलचा एक डोस दिवसभर का पुरतो, हे रक्तावरून पुरते समजत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींत मिथिमॅझोल मोजले असता १० मिग्रॅ घेतल्यानंतर ३ ते ६ तासांनी आणि १७ ते २० तासांनी त्याचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. रक्त रिकामे होत आले तरी ग्रंथी भरलेली राहते. म्हणून डोसची वेळ ठरवताना ग्रंथीतील साठाच धरावा. पीटीयूचा ७५ ते ८० टक्के भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो, मिथिमॅझोलचा जवळजवळ नसतो; मिथिमॅझोल पेशींत सहज शिरते ते बहुधा यामुळे.

अतिरिक्त क्रिया : पीटीयूची आणखी एक क्रिया पेरॉक्सिडेजच्या बाहेर, यकृत व मूत्रपिंडात घडते. तेथील पहिल्या प्रकारचे डीआयोडिनेज टी-४ मधील एक आयोडीन काढून टी-३ बनवते. या एन्झाइमाच्या क्रियास्थानी सेलेनियम आहे. आयोडीन काढताना काही क्षण ते सेलेनियमला चिकटलेले असते. पीटीयूचा गंधक नेमका त्या अवस्थेत सेलेनियमला जखडतो आणि एन्झाइम पुढच्या फेरीला उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या डीआयोडिनेजवर पीटीयूचा प्रभाव पडत नाही. मिथिमॅझोलमध्येही गंधक आहे, तरी नेहमीच्या मात्रेत पहिले डीआयोडिनेज त्याने रोखले जात नाही. यामागे रेणूची ठेवण आहे की सेलेनियमशी गंधकाची ओढ, यावर मतभेद आहेत. निरोगी माणसात टी-३चा मोठा भाग दुसरे एन्झाइम बनवते, म्हणून पीटीयूचा हा परिणाम थोडा. अतिअवटुतेत पहिले एन्झाइम वाढलेले असते, म्हणून तेथे तो ठळक. तीव्र अवस्थेत पीटीयूने २४ तासांत टी-३ सुमारे ४५ टक्क्यांनी, मिथिमॅझोलने १० ते १५ टक्क्यांनी उतरतो असे सांगितले जाते. ‘थायरॉइड वादळ’ या आणीबाणीत पीटीयू सुचवतात ते यामुळे. तरी २०२३मधील एका मोठ्या तुलनेत दोहोंच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

व्यवहारातील उदाहरण : दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेत काम करणारी, ग्रेव्हज विकार, म्हणजे अतिअवटुतेचा नेहमीचा प्रकार, असलेली स्त्री घ्या. कार्बिमॅझोल २० मिग्रॅ सकाळी एकदा, म्हणजे सुमारे १२ मिग्रॅ मिथिमॅझोल. पंधरा दिवसांनी तिची धडधड कायम असेल, तर औषध निष्फळ ठरत नाही. ग्रंथीत आधीच तयार असलेला संप्रेरकाचा साठा गळतच असतो आणि टी-४चे अर्धायु सुमारे ७ दिवसांचे असते, म्हणून फरक पडायला बहुधा ३ ते ८ आठवडे लागतात. अवटू ग्रंथीला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक टीएसएच त्यानंतरही काही काळ दबलेले राहते. केवळ तो आकडा पाहून मात्रा वाढवली, तर काही आठवड्यांत रुग्ण अल्पअवटुतेत ढकलली जाते. तपासणीत टी-४ व टी-३ पाहावेत.

हीच स्त्री गरोदर राहिली, तर पहिल्या तिमाहीत पीटीयूकडे वळतात, कारण मिथिमॅझोलमुळे गर्भात टाळूवरील त्वचेचा अभाव, नाकाचा मागचा मार्ग बंद असणे यांसारखे दोष येऊ शकतात. ५ मिग्रॅ मिथिमॅझोल साधारण १०० मिग्रॅ पीटीयूच्या तोडीचे मानतात. म्हणजे तिला दिवसाला सुमारे २४० मिग्रॅ, आणि गोळी ५० मिग्रॅची असल्याने दोन-तीन वेळांत विभागून २५० मिग्रॅच्या आसपास. दुपारच्या डोसची वेळ बागेत चुकली, तर रोधनही तेवढा वेळ सैल पडते. एक वेळच्या कार्बिमॅझोलची ही अडचण नव्हती.

पीटीयूमुळे यकृताला क्वचित पण गंभीर इजा होते. २०१०मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा जोडला. कावीळ, गडद लघवी किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे दिसताच औषध थांबवून यकृताची तपासणी करावी. पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका दोन्ही औषधांत आहे : ताप व घसा दुखू लागल्यास पुढचा डोस न घेता त्याच दिवशी पेशींची मोजणी करून घ्यावी.