सेकंद, विराम आणि नजर: मॉक इंटरव्ह्यूच्या गुणपत्रकातले तीन रकाने आले कुठून?

कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी महिनाभर बऱ्याच कॉलेजांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. ट्रायपॉडवर मोबाइल, समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला उमेदवार आणि बाजूला कागद घेऊन बसलेले सर. मुलाखत संपली की रेकॉर्डिंग मागे-पुढे करत कागदावरचे तीन रकाने भरले जातात: उत्तर किती सेकंदांचं, मध्ये किती वेळा अडखळला, नजर कॅमेऱ्याकडे किती होती. हल्ली हेच काम सॉफ्टवेअरही करतं. रकाने मात्र जुने आहेत, आणि तिन्हींची उगमस्थानं वेगवेगळी आहेत. त्यातला एकही मुळात एकट्या उमेदवाराला गुण देण्यासाठी तयार झाला नव्हता.

वेळ मोजण्यापासून सुरुवात झाली. 1940 च्या आसपास हार्वर्डमधले मानववंशशास्त्रज्ञ इलियट चॅपल यांनी ‘इंटरॅक्शन क्रोनोग्राफ’ नावाचं यंत्र तयार केलं. निरीक्षक दोन कळांवर बोटं ठेवून बसायचा, एक कळ मुलाखत घेणाऱ्याची आणि दुसरी देणाऱ्याची. जो बोलत असेल किंवा मान डोलवत असेल, त्याची कळ दाबून धरायची, थांबला की सोडायची. सरकत्या कागदी पट्टीवर दोघांच्या रेघा उमटत. माणूस काय बोलला याची नोंदच नाही. किती वेळ बोलला, किती वेळ गप्प राहिला, एवढीच. मुलाखतही ठरावीक साच्याची असे. एका टप्प्यात मुलाखतकार मुद्दाम दर वेळी 15 सेकंद गप्प बसे, दुसऱ्यात मुद्दाम मध्येच बोलून तोडे. उमेदवार त्या शांततेत काय करतो, तोडल्यावर माघार घेतो की बोलणं रेटतो, हे पट्टीवर दिसे. अमेरिकेत दुकानातले विक्रेते आणि पर्यवेक्षक निवडण्यासाठी या पद्धतीचा वापर झाला.

पुढे जोसेफ मॅटाराझो आणि जॉर्ज सॅस्लो यांनी हा धागा उचलला आणि 1963 मध्ये जे दाखवलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पोलीस आणि अग्निशमन दलात नोकरीसाठी अर्ज केलेल्या 20 जणांच्या प्रत्येकी 45 मिनिटांच्या मुलाखती झाल्या. पहिली 15 मिनिटं मुलाखतकाराने आपलं प्रत्येक बोलणं साधारण 5 सेकंदांत आटोपलं, मधली 15 मिनिटं ते 10 सेकंदांपर्यंत लांबवलं, शेवटी पुन्हा 5 वर आणलं. उमेदवारांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या उत्तरांची सरासरी लांबी पहिल्या भागात सुमारे 24 सेकंद होती, मधल्या भागात ती जवळपास दुप्पट, 47 च्या घरात गेली आणि शेवटी परत 26 वर आली. माणसं तीच, मुलाखत तीच; विचारणारा लांब बोलला, म्हणून उत्तरं लांबली. नुसती मान डोलावली किंवा ‘हं, हं’ म्हटलं, तरीही उत्तरं लांबतात, हेही याच गटाने दाखवलं.

म्हणजे ‘उत्तराची लांबी’ हा आकडा अर्धा विचारणाऱ्याचा असतो. आपल्या गुणपत्रकात मात्र विचारणाऱ्याच्या सेकंदांसाठी रकानाच नसतो. घाईत असलेले सर ‘नेक्स्ट, स्ट्रेंथ्स?’ एवढंच म्हणतात आणि मग उत्तर त्रोटक म्हणून गुण कापतात.

विरामांची गोष्ट लंडनची. फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये 1950 च्या दशकापासून बोलण्यातल्या शांततेचा अभ्यास केला. प, ट, क असे वर्ण उच्चारताना ओठ किंवा जीभ क्षणभर हवा अडवतातच. ती शांतता विराम म्हणून धरायची नसेल, तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. त्यांनी ती पाव सेकंदावर, म्हणजे 0.25 वर ओढली. आजही बऱ्याच अभ्यासांत ती तिथेच आहे.

त्यांच्या एका प्रयोगात लोकांना व्यंगचित्रांच्या मालिका दाखवल्या. आधी चित्रांत काय घडतं ते सांगायचं, मग त्याचं मर्म सांगायचं. मर्म सांगताना विराम कितीतरी वाढले. मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर विराम दर वेळी घटत गेले. शांतता ही त्या क्षणी चाललेल्या विचाराची किंमत आहे, हा त्याचा अर्थ. ‘विराम कमी, गुण जास्त’ असा नियम केला की तो थेट पाठांतराला बक्षीस देतो, हे तेव्हाच कळलं होतं. दुसरी बाब विरामाच्या जागेची. मजकूर वाचून दाखवताना माणूस वाक्याच्या किंवा वाक्यांशाच्या शेवटी थांबतो; उत्स्फूर्त बोलताना तो शब्दसमूहाच्या मध्येही थांबतो. ऐकणाऱ्याला खटकतं ते बहुधा हे मधलं थांबणं. शेवटचं थांबणं त्याला ठाम वाटतं.

आज कोणीही ffmpeg या फुकटच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंगमधल्या विरामांची यादी काढू शकतो:

```
ffmpeg -i mock.mp4 -af silencedetect=noise=-30dB:d=0.5 -f null -
```

इथे noise ही आवाजाची मर्यादा आहे, त्याहून हळू ते सगळं शांतता; आणि d ही सेकंदांची मर्यादा आहे. सरावाच्या खोलीत मी ती 0.25 ऐवजी 0.5 ठेवेन, नाहीतर यादी नको तितकी लांबते. पंखा चालू असेल तर या आज्ञेला शांतता सापडतच नाही, आणि वाक्याचा शेवट पुटपुटणाऱ्या मुलाचे शेवटचे शब्द ती विरामात धरते. म्हणून यादीतल्या दोन-चार जागा कानाने ऐकून पडताळाव्यात. विराम वाक्याच्या शेवटी आहे की मध्ये, हे तर ती सांगूच शकत नाही.

नजरेचा रकाना ऑक्सफर्डचा. तिथे मायकेल आर्गाइल यांच्या गटात अॅडम केन्डन यांनी गप्पा मारणाऱ्या सात जोड्यांचं चित्रीकरण करून 1967 मध्ये निष्कर्ष छापले. लांब बोलणं सुरू करताना माणूस नजर काढून घेतो आणि संपवताना परत समोरच्याकडे आणतो. जणू ‘आता तुझी पाळी’ असं डोळ्यांनी सांगतो. ऐकताना तो बोलतानापेक्षा जास्त पाहतो. आर्गाइल यांनी पुढे दिलेले ढोबळ आकडे ऐकताना सुमारे 75 टक्के आणि बोलताना 40 टक्के असे आहेत. केन्डन यांच्या त्या थोड्याशा माणसांतही फरक मोठा होता: कोणी एकूण वेळेच्या 28 टक्के पाहत होता, तर कोणी 70 टक्क्यांहून अधिक. आणि हे सगळे इंग्लंडमधले. मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवण्याचं वळण घरातून मिळालेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी 40 हा आकडाही उसना आहे. तरीही ‘सतत डोळ्यांत बघ’ हा सल्ला त्या मोजमापात कुठेच बसत नाही. बोलताना 90 टक्के नजर रोखणारा उमेदवार त्या नोंदींत विचित्रच ठरला असता.

हे तीन धागे एकत्र आणले व्हिडिओने. 1963 मध्ये स्टॅनफर्डमध्ये ‘मायक्रोटीचिंग’ सुरू झालं: होतकरू शिक्षकाने काही मिनिटांचा पाठ घ्यायचा, रेकॉर्डिंग बघायचं, एखादंच कौशल्य सुधारायचं आणि पाठ पुन्हा घ्यायचा. 1970 च्या दशकात हीच रीत नोकरीच्या मुलाखतीकडे वळली. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या आणि काम शोधणाऱ्या लोकांना वर्तनोपचाराच्या पद्धतीने मुलाखतीची तयारी करून दिली जाई. तिथे सुधारणा दाखवायची तर मोजता येईल असं काही हवं होतं, आणि नजर, अडखळणं, उत्तराची लांबी या गोष्टी घड्याळाने मोजता येत होत्या. रकाने टिकले त्यामागे ही सोय मोठी आहे.

त्या सोयीला धक्का देणारा अभ्यास लगेच आला. 1979 मध्ये हॉलंड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात झालेल्या 338 खऱ्या मुलाखती तपासल्या. निवडीशी सर्वांत जास्त संबंध निघाला तो उत्तर प्रश्नाला धरून होतं का याचा, त्यानंतर बोलण्याच्या ओघाचा, मग शांतपणाचा. नजर त्यांच्यामागे होती. ‘उत्तर प्रश्नाला धरून’ हे घड्याळाने मोजता येत नाही, त्यामुळे आजही तो रकाना बऱ्याच कागदांवर शेवटी आणि सर्वांत अरुंद असतो.

यंत्राकडे काम गेल्याचं ठळक उदाहरण 2013 चं. एमआयटीत एहसान होक आणि सहकाऱ्यांनी ‘माक’ नावाची प्रणाली केली. पडद्यावरचं आभासी पात्र प्रश्न विचारायचं आणि नंतर हसू, बोलण्याचा वेग, विराम, आवाजाचे चढउतार यांचे आलेख दाखवायचं. 90 विद्यार्थ्यांवर चाचणी झाली; ज्यांना आलेखांसह अभिप्राय मिळाला, त्यांची प्रगती समुपदेशकांच्या नजरेत भरली. ते पात्र मान डोलवायचं, हे विसरू नये. पुढे आलेल्या बऱ्याच एकतर्फी व्हिडिओ मुलाखतींत समोर फक्त कॅमेऱ्याचा दिवा उरला. मॅटाराझोंनी ज्या ‘हं’ने उत्तरं लांबवली, ते ‘हं’ म्हणणारं माणूसच तिथे नाही.

कॅमेऱ्याने नजरेचाही अर्थ बदलला. स्टॅनफर्डमधले मिल्टन चेन यांनी 2002 मध्ये दाखवलं, की पडद्यावरच्या माणसाची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा वर जराशी सरकली तरी पाहणाऱ्याला कळते, पण साधारण 5 अंशांपर्यंत खाली गेली तर तो ती सरळच समजतो. हिशेब करा: डोळ्यांपासून लॅपटॉप 55 सेंटिमीटरवर असेल, तर 5 अंश म्हणजे जेमतेम 5 सेंटिमीटर. मुलाखतकाराचा चेहरा पडद्याच्या मध्यावर, कॅमेऱ्याच्या 12 सेंटिमीटर खाली असेल, तर नजर 12 अंश उतरते आणि त्याच्या डोळ्यांत प्रामाणिकपणे बघणारा उमेदवार नजर चुकवणारा ठरतो. खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवली की काम भागतं.

आता एक काल्पनिक नमुना घेऊ. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, ठिबक सिंचनाचा प्रोजेक्ट, मुलाखत इंग्रजीत. प्रश्न 3 सेकंदांचा: प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा काय? उत्तर 38 सेकंदांचं, त्यात अर्ध्या सेकंदाहून मोठे 9 विराम, मिळून 11 सेकंद, म्हणजे 29 टक्के. त्यातले 6 नेमके इंग्रजी शब्द शोधताना, वाक्याच्या मध्ये. कागदावर शेरा पडतो: उत्तर लहान, अडखळते.

दुसऱ्या फेरीत सर प्रश्न 9 सेकंदांत विचारतात, सर्किट की प्रोग्राम यातलं काय ऐकायचं आहे ते सांगतात आणि ऐकताना मान डोलवतात. उत्तर 71 सेकंद चालतं. विराम 13, एकूण 20 सेकंद. प्रमाण 28 टक्के, म्हणजे होतं तेवढंच. पण आता 9 विराम वाक्याच्या शेवटी आहेत. विरामांचं प्रमाण बदललंच नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र ती वेगळीच मुलगी वाटते.

तिसऱ्या फेरीआधी ती उत्तर लिहून पाठ करते. 52 सेकंद, विराम फक्त 5 सेकंद, नजर सलग कॅमेऱ्यावर. तीनही रकान्यांत सर्वाधिक गुण. मग सर कागद बाजूला ठेवून विचारतात, मातीतला ओलावा मोजायला हाच सेन्सर का घेतलास? रेकॉर्डिंगमध्ये पुढचे 7 सेकंद फक्त पंख्याचा आवाज आहे.